शेजारी सत्यनारायण आहे, आपला धर्म वेगळा आहे: जावे का, प्रसाद घ्यावा का, आणि नको असेल तर काय म्हणावे?

नव्या घरात राहायला आलेले कुटुंब वास्तुशांतीनंतर सत्यनारायण घालते आणि मजल्यावरच्या सगळ्यांना सांगते, ‘संध्याकाळी तीर्थप्रसादाला या.’ समोरच्या दारात मुस्लिम जोडपे राहते, बाजूला ख्रिस्ती कुटुंब, वरच्या मजल्यावर बौद्ध कुटुंब. बोलावणारा मनापासून बोलावतो आणि ज्यांना बोलावले त्यांनाही जायचे असते. पण चौरंगासमोर उभे राहिल्यावर यजमानीण चमच्याने शिरा पुढे करते आणि तिथे गाडी अडते. घ्यावा तर आपला धर्म आड येतो, नाही म्हणावे तर समोरची माणसे दुखावतील असे वाटते. म्हणून काही जण तब्येतीचे कारण सांगून घरीच थांबतात. पुढच्या वर्षी त्यांना कोणी बोलावत नाही.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. हिंदू बाजूने परधर्मीयाला प्रसाद चालतो का, हा पहिला. पाहुण्याच्या स्वतःच्या धर्मात तो चालतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरळ आहे. घरच्या पूजेत प्रसाद देताना कोणाचा धर्म विचारायची रीत नाही. काही मंदिरांत गाभाऱ्यात किंवा आवारात हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नसतो, पण तो त्या त्या देवस्थानाचा नियम झाला. घरच्या चौरंगाला तो लागू होत नाही. प्रसाद घेतल्याने माणूस हिंदू होत नाही, कसला संकल्प सोडत नाही आणि पुढे काही पाळण्याचे बंधनही त्याच्यावर येत नाही. यजमानाच्या दृष्टीने तुम्ही आलात आणि प्रसाद घेतलात, एवढेच त्यात असते.

दुसरा प्रश्न मात्र यजमानाच्या हातात नाही. तो समजायला शिऱ्याचे आधी काय होते ते पाहावे लागेल.

सत्यनारायणाच्या प्रसादाला रवा, तूप, साखर आणि दूध सव्वाच्या मापाने घेतात: सव्वा वाटी, सव्वा शेर, नाहीतर माणसे जास्त असतील तर सव्वा किलो. केळे घालून शिरा होतो. इथपर्यंत तो स्वयंपाकच असतो. पुढे पोथीचे पाच अध्याय वाचून झाले की त्यातला थोडा वाटीत घेऊन चौरंगासमोर ठेवतात, भोवती पाणी फिरवतात, वर तुळशीचे पान ठेवतात आणि ‘प्राणाय स्वाहा’ म्हणत देवाला दाखवतात. हा झाला नैवेद्य. मग आरती, मंत्रपुष्पांजली, आणि ती वाटी पातेल्यातल्या शिऱ्यात मिसळली जाते. आता पातेले सगळेच प्रसादाचे झाले. म्हणून ‘तुम्हाला देवापुढचा नको ना, मग हा पातेल्यातला घ्या’ हे म्हणणे कितीही प्रेमाने केलेले असले तरी जुळत नाही. नैवेद्य दाखवण्याआधी वेगळे काढले असेल तेवढेच वेगळे. ही वेळेची गोष्ट यजमानाने ध्यानात ठेवली तर पुढच्या अडचणी खूप कमी होतात.

तीर्थाचा संबंध पूजेशी याहून जवळचा. दूध, दही, तूप, मध, साखर यांच्या पंचामृताने बाळकृष्णाला किंवा शाळिग्रामाला स्नान घालतात आणि तेच तीर्थ म्हणून उजव्या हाताच्या तळव्यावर देतात. शिऱ्याविषयी फारसे मनात न आणणारे काही जण तीर्थाला थांबतात, ते यामुळेच.

यजमान एवढा आग्रह का करतो, हेही पाहुण्याला माहीत असलेले बरे. त्याचे मूळ कथेतच आहे. चौथ्या अध्यायात साधुवाण्याची मुलगी कलावती, नवरा परत आला हे ऐकताच प्रसाद न घेता बंदराकडे धावते आणि नवऱ्यासकट नौका दिसेनाशी होते. ती घरी जाऊन प्रसाद घेऊन येते, तेव्हाच नौका पुन्हा दिसते. पाचव्या अध्यायात तुंगध्वज राजा शिकारीहून परतताना वडाखाली पूजा करणारे गोप पाहतो. ते त्याला प्रसाद आणून देतात. राजा तो न घेताच निघून जातो, आणि त्याचे शंभर पुत्र आणि सगळी संपत्ती जाते. ही कथा लहानपणापासून ऐकलेल्या आजीला दारात आलेला माणूस प्रसाद न घेता जातो हे पाहवत नाही. तिच्या आग्रहात धर्मप्रसार नसतो. या माणसाचे काही वाईट होऊ नये, ही काळजी असते. मात्र कथा नीट ऐकली तर त्यातली दोन्ही माणसे त्याच श्रद्धेच्या आतली आहेत. कलावतीच्या घरानेच व्रत केलेले आहे आणि राजा गोपांना हलके लेखून निघून गेला आहे. शेजारधर्म म्हणून आलेला, हात जोडून ‘मला चालत नाही’ म्हणणारा पाहुणा यापैकी कोणीच नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे कोणी शांतपणे सांगितले तर त्यांची धास्ती बरीच कमी होते.

आता पाहुण्याची बाजू.

कुराणात सूरा अल-बकराच्या १७३व्या आणि सूरा अल-माइदाच्या ३ऱ्या आयतीत निषिद्ध अन्नाची यादी येते. अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाच्या नावाने अर्पण झालेले, हे त्या यादीत आहे. आयतींचा रोख मुख्यतः कापलेल्या जनावराच्या मांसाकडे आहे. त्यामुळे शिरा, फळे, पेढे यांना तोच नियम कितपत लागतो यावर धर्मपंडितांची चर्चा होत आली आहे. बहुतेक उलेमा मात्र देवाला दाखवलेले अन्न टाळावे असेच सांगतात. कारण त्यांच्या दृष्टीने मुद्दा पदार्थाचा नसून तो कोणाला अर्पण झाला याचा आहे. एका देवाखेरीज कोणाचीही उपासना न करणे हा इस्लामचा पाया आहे, म्हणून आरतीत सामील होणे किंवा मूर्तीला नमस्कार करणे हे प्रसादापेक्षाही मोठे ठरते. शेजाऱ्याच्या घरी जाणे, शुभेच्छा देणे, बसून बोलणे हा वेगळा भाग, आणि तो कितीतरी मुस्लिम कुटुंबे आवर्जून करतात.

ख्रिस्ती परंपरेत याच पेचावर जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले गेले आहे, तेही अगदी घरगुती तपशिलाने. ग्रीसमधल्या करिंथ शहरात मंदिरातल्या बळीचे मांस बाजारात येई आणि जेवणाच्या आमंत्रणांतही असे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की ख्रिस्तावर विश्वास नसलेल्याने जेवायला बोलावले तर पुढे येईल ते न विचारता खा. पण कोणी सांगितले की हे देवाला अर्पण केलेले आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या व त्याच्या सदसद्विवेकाच्या खातर. आठव्या अध्यायात तो मूर्तीला काही सत्ता नाही असे म्हणतो, पण तुमच्या खाण्याने तुमच्याच एखाद्या दुबळ्या बंधूची श्रद्धा डळमळत असेल तर टाळा, असेही बजावतो. म्हणून दोन ख्रिस्ती शेजारी एकाच पत्राच्या आधाराने वेगवेगळे वागू शकतात. एक जण शिरा प्रेमाची भेट म्हणून खातो. दुसरा ‘प्रसाद घ्या’ हे शब्द कानावर पडताच थांबतो, कारण आता त्याला सांगितले गेले आहे. अनेक कॅथलिक घरांत प्रसाद सहज घेतला जातो आणि पेंटेकॉस्टल पंथाच्या अनेक घरांत तो कटाक्षाने टाळला जातो. आडनाव पाहून अंदाज बांधू नये तो यासाठी.

बौद्ध शेजाऱ्याचा मुद्दा अन्नाच्या शुद्धाशुद्धतेचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा पहिलीच आहे. सत्यनारायण हे विष्णूचेच रूप मानले जाते, म्हणजे ही प्रतिज्ञा या पूजेला थेट लागते. प्रसादाचा शब्दशः उल्लेख बावीसांत कुठे नाही. त्यामुळे काही जण शिरा अन्न म्हणून खातात पण हात जोडत नाहीत, आणि काही जण पूजेशी जोडलेले काहीच घेत नाहीत. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या देवळाच्या पायरीवर अडवले गेले, त्याने विचारपूर्वक सोडलेली ही गोष्ट आहे. तिथे ‘अहो, एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य इतर कोणापेक्षाही जास्त लागते. माझ्या मते या एका वाक्यावर तरी प्रत्येक यजमानाने पक्का लगाम घालावा.

आग्रहाची आणखी दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. पहिले, ‘फक्त शिराच तर आहे.’ यजमान स्वतःही त्याला फक्त शिरा मानत नाही. तो जमिनीवर सांडला तर उचलून कपाळाला लावतो, ताटलीत कण ठेवत नाही, चपला घालून खात नाही. तो पदार्थ आपल्यासाठी पवित्र आहे म्हणून तर देतो, आणि पाहुणाही तो कोणासाठी तरी पवित्र आहे म्हणूनच थांबतो. दोघे त्याला सारखेच गंभीरपणे घेत असतात. दुसरे वाक्य, ‘आम्ही तुमचा शीरखुर्मा खातो, नाताळचा केक खातो, मग तुम्ही आमचा प्रसाद का नाही?’ पण शीरखुर्मा आणि केक हे सणाचे पदार्थ आहेत, ते कोणाला अर्पण करून वाटलेले नसतात. त्यांची तुलना दिवाळीच्या फराळाशी होईल, आणि चकली-करंजी नैवेद्याची नसेल तर बहुतेक सगळे ती आनंदाने खातात. प्रसादाशी तुलनाच करायची तर ती मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीशी करावी लागेल. ती कॅथलिक नसलेल्याला सर्वसाधारणपणे दिली जात नाही, आणि मिस्सेला आलेला हिंदू मित्र त्या वेळी जागेवरच बसून राहतो. त्याला तिथे कोणी उद्धट म्हणत नाही.

आता ती संध्याकाळ क्रमाने पाहू, म्हणजे कुठे उपस्थिती संपते आणि कुठे सहभाग सुरू होतो ते कळेल.

सर्वांत सोपे म्हणजे वेळ निवडणे. पूजा सुरू असताना जायचे की आरतीनंतर, हे आमंत्रणालाच ठरवता येते. आरतीनंतर लोक येत-जात राहतात आणि कोण केव्हा आले याकडे कोणाचे लक्ष नसते. ज्यांना आरतीची वेळ नको आहे त्यांनी बोलावणे आले तेव्हाच म्हणावे, ‘नक्की येऊ काकू. आरती झाल्यावर येतो, निवांत भेटता येईल. आणि एक आधीच सांगतो, आमच्यात प्रसाद चालत नाही, तेवढं समजून घ्या.’ हे चौरंगासमोर दहा माणसांत सांगण्यापेक्षा दोन दिवस आधी जिन्यात सांगणे दोघांनाही हलके जाते. शिवाय यजमानाला तयारीला वेळ मिळतो.

दारात चपला काढणे ही घराची रीत आहे, ती सगळ्यांनी पाळावी. हळदीकुंकू किंवा अक्षता पुढे आल्या आणि नको असतील तर हात पुढे न करता किंचित मान लववून ‘राहू द्या’ म्हटले की पुरते. कथा सुरू असताना मागे शांत बसणे ही उपस्थिती झाली. आरतीला सगळे उभे राहतात. आपणही उभे राहिलो, हात बाजूला ठेवले आणि टाळी वाजवली नाही तर त्यात ना अपमान आहे ना उपासना. उभे राहणेही ज्याला नको वाटते त्याने आरतीआधी गॅलरीत जावे. आरतीचे तबक समोर आले की ते हाताने शेजाऱ्याकडे जाऊ द्यावे, किंवा अर्धे पाऊल मागे व्हावे. चौरंगाला नमस्कार करायचा नसेल तर यजमानाला नमस्कार करावा, ‘छान झाली हो सजावट, केळीचे खांब किती सुंदर लावलेत’ असे मनापासून म्हणावे. आपण येऊन त्यांच्या आनंदाची दखल घेतली, हे त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजे.

आणि मग प्रसाद. इथे वाक्य छोटे हवे. ‘काकू, मी आलोय ते तुमच्यासाठी. प्रसाद मी घेत नाही, आमच्या धर्माप्रमाणे चालत नाही. चहा मात्र नक्की घेईन.’ या क्रमाला अर्थ आहे. आधी येण्याचे कारण, मग नकार, आणि लगेच जे घेता येईल त्याची मागणी. रिकाम्या हाताने पाहुणा परत पाठवणे ही यजमानाची खरी टोचणी असते, ती चहाने जाते. आयती, पत्रे, प्रतिज्ञा यांचे स्पष्टीकरण त्या क्षणी देऊ नये, ते वादाला आमंत्रण ठरते. नंतर कोणी कुतूहलाने विचारले तर जरूर सांगावे. आणि ज्याला प्रसाद घ्यायला काहीच हरकत वाटत नाही त्याने उजव्या हातात घ्यावा आणि उरवू नये. त्याने आपल्याच धर्मातल्या न घेणाऱ्या माणसाला तिथे टोकणे मात्र अजिबात योग्य नाही.

यजमानाचे उत्तर याहून छोटे हवे: ‘काही हरकत नाही, बसा, चहा ठेवते.’ दुसऱ्यांदा विचारायचे नाही. तयारी करताना नैवेद्य दाखवण्याआधीच चिवडा, बिस्किटे, थोडी फळे किंवा वेगळ्या भांड्यात केलेला उपमा स्वयंपाकघरात बाजूला ठेवावा आणि देताना सांगावे, ‘हे देवापुढे ठेवलेलं नाही.’ हे सांगणे महत्त्वाचे. नाहीतर पाहुणा त्याही बशीकडे शंकेने पाहतो आणि लाजेखातर काहीच खात नाही.

बिघडते कुठे, तर बहुतेक वेळा न बोलल्यामुळे. मधुमेहाचे खोटे कारण सांगितले की पुढच्या खेपेला प्रेमळ यजमान बिनसाखरेचा प्रसाद करून आणतात आणि मग दुसरे कारण शोधावे लागते. उपासाचे कारण तर त्याच संध्याकाळी चहा-बिस्किटांपाशी उघडे पडते. यापेक्षा वाईट म्हणजे हातात घेऊन गुपचूप कचऱ्याच्या डब्यात टाकणे. नकाराने यजमान क्षणभर हिरमुसतो, पण डब्यात पडलेला द्रोण दिसला तर ते वर्षानुवर्षे विसरत नाही. घाईत हातात आलाच तर तो घेणाऱ्या कोणाकडे तरी द्यावा: ‘हा तुम्ही घ्या, माझ्याकडून वाया जायला नको.’ ऑफिसच्या टेबलावर आपण नसताना ठेवलेल्या पुडीचेही तसेच करावे.

यजमानाकडूनही एक चूक होते, आणि ती जास्त गंभीर आहे. ‘कशाला सांगायचं, गोड म्हणून वाढून टाकू.’ पाहुण्याला नंतर कळते, आणि त्या घरातल्या पुढच्या प्रत्येक ताटावरचा त्याचा विश्वास जातो. शेजारच्या लहान मुलांच्या बाबतीतही हेच. खेळायला आलेल्या मुलाच्या हातावर प्रसाद ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारावे. आईवडिलांनीही मुलाला एक वाक्य शिकवून ठेवावे: ‘मावशी, आईला विचारून घेतो.’

ऑफिसात याला वरिष्ठ-कनिष्ठाची जोड मिळते. साहेब पूजेला बसले आहेत, वर्गणीचा कागद फिरतो आहे, आणि नव्या कर्मचाऱ्याला नाही म्हणता येत नाही. अशा ठिकाणी वर्गणी ऐच्छिक ठेवावी, कोणी किती दिले याची यादी लावू नये, आणि पूजेचा खर्च व सगळ्यांच्या अल्पोपाहाराचा खर्च वेगळा करावा. मग ज्याला पूजेत पैसे द्यायचे नाहीत तो अल्पोपाहारात देऊ शकतो. कनिष्ठाने सांगायचे ते एवढेच: ‘सर, नाश्त्याच्या व्यवस्थेला मी थांबतो, पूजेला मात्र बसत नाही.’

शाळेसाठी तर राज्यघटनेतच तरतूद आहे. कलम २८ च्या तिसऱ्या उपकलमानुसार सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. उभे राहणे आणि सामील होणे यांतला फरक सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ साली मान्य केला आहे. केरळमधली ‘यहोवाचे साक्षीदार’ पंथाची तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. बिजो इमॅन्युएल खटल्यात न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. नीट उभे राहणारा विद्यार्थी गात नाही म्हणून अनादर करतो असे होत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. तो खटला राष्ट्रगीताचा होता, आरतीचा नव्हता. पण शाळेत सत्यनारायण असताना वर्गात मागे शांत उभ्या असलेल्या मुलाला हात जोडायला लावणाऱ्या शिक्षकांनी तो माहीत करून घ्यावा, आणि शिऱ्याचे द्रोण वाटायला घेण्याआधी ‘ज्यांना नको त्यांनी केळं घ्या, ते वेगळं ठेवलंय’ एवढे सगळ्या वर्गाला मिळून सांगावे, म्हणजे कोणा एका मुलाला हात वर करावा लागणार नाही.